बावीस माश्यांचा हिशेब

जनुकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून फिरणारा फळमाशीचा एक जुना हिशेब आहे. एका संकरातून निघालेल्या ४,१९७ माश्या भिंगाखाली तपासल्या आणि दिसण्यावरून आठ ढिगांत वाटल्या, एवढाच तो प्रयोग. सर्वांत मोठ्या ढिगात १,७७९ माश्या आहेत, सर्वांत लहान ढिगात अवघ्या ९. तीन जनुके गुणसूत्रावर कोणत्या क्रमाने बसली आहेत हे या माश्यांवरून काढायचे असते आणि ते काम सर्वांत लहान दोन ढीग करतात. एकात १३, दुसऱ्यात ९, मिळून २२. क्रम समजल्यावर पुढचा प्रश्न येतो: २२ च का? साध्या संभाव्यतेच्या हिशेबाने त्या ३३ असायला हव्या होत्या. या उरलेल्या ११ कुठे गेल्या हे शोधताना गुणसूत्राची एक वेगळीच खोड हाती लागते.

पिकलेल्या केळ्याभोवती घोंघावणारी ही चिमुकली माशी, ड्रॉसोफिला. तिच्या दुसऱ्या गुणसूत्रावरची तीन जनुके या प्रयोगात आहेत. एक बिघडले की अंग काळे होते. दुसरे बिघडले की नेहमीचे लाल डोळे जांभळट होतात. तिसऱ्यातल्या बिघाडाने पंख खुरटतात. माशी चालते, उड्या मारते, पण उडू शकत नाही. तिन्ही बिघाड अप्रभावी आहेत, म्हणजे आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तरच लक्षण दिसते. सोयीसाठी या जनुकांना आपण काळे, जांभळे आणि खुरटे एवढेच म्हणू.

आधी तिन्ही लक्षणे असलेल्या माशीचा शुद्ध जातीच्या धडधाकट माशीशी संकर करायचा. त्यातून निघणाऱ्या मुली दिसायला अगदी नेहमीच्या असतात, पण त्यांच्या दुसऱ्या गुणसूत्रांच्या जोडीत एकावर तिन्ही बिघाड आणि दुसऱ्यावर तिन्ही चांगल्या प्रती असतात. या मुलींचा संकर मग तिन्ही लक्षणे असलेल्या नराशी करायचा. हाच टेस्टक्रॉस. त्या नराकडे द्यायला बिघडलेल्या प्रतींखेरीज काही नसतेच, त्यामुळे तो कशावरही पांघरूण घालू शकत नाही. पिल्लू जसे दिसेल तसे आईचे अंडे होते, असा सरळ अर्थ लागतो. एरवी सूक्ष्मदर्शकाखाली शोधूनही न सापडणारी अंड्यातली जनुकांची जुळणी इथे पिल्लाच्या अंगावर लिहून येते.

मिश्र जोडी आईकडेच असावी लागते, वडिलांकडे असून चालत नाही. याचे कारण फळमाशीचे खास आहे. अंडे तयार होताना आईच्या जोडीतली दोन गुणसूत्रे एकमेकांना चिकटून तुकड्यांची अदलाबदल करतात. फळमाशीच्या नरात ही अदलाबदल होतच नाही. टॉमस हंट मॉर्गन यांनी हे १९१२ मध्येच नोंदवले होते. प्रात्यक्षिकात कोणी नर-मादी उलटे लावले की आठाऐवजी दोनच ढीग मिळतात: तिन्ही लक्षणे असलेल्या माश्या आणि एकही नसलेल्या. तीन जनुके जणू एकाच ठिकाणी खिळ्याने ठोकलेली आहेत असे वाटते. दोनच ढीग दिसले तर आधी बाटलीवरची चिठ्ठी तपासावी.

योग्य बाजूने केलेल्या संकराचे आकडे असे आहेत:

तिन्ही लक्षणे असलेल्या १,७७९ आणि एकही नसलेल्या १,६५४.

फक्त पंख खुरटे असलेल्या २४१. पंख चांगले पण अंग काळे व डोळे जांभळे असलेल्या २५२.

फक्त अंग काळे असलेल्या १३१. अंग नेहमीचे पण डोळे जांभळे व पंख खुरटे असलेल्या ११८.

फक्त डोळे जांभळे असलेल्या ९. डोळे लाल पण अंग काळे व पंख खुरटे असलेल्या १३.

ढीग आठ असले तरी ते चार जोड्यांत पडतात आणि प्रत्येक जोडीतले दोघे एकमेकांचे पूरक असतात. हे असेच व्हायला हवे. दोन गुणसूत्रांनी तुकडे बदलले की एकाकडून जे जाते ते दुसऱ्याकडे येते, त्यामुळे दोन्ही बाजूंची पिल्ले साधारण सारख्या संख्येने निघायला हवीत. २५२ आणि २४१ किंवा १३१ आणि ११८ हे आकडे त्या दृष्टीने छान जुळतात. जोडीतला एक ढीग दुसऱ्यापेक्षा फारच रोडावलेला असेल, तर तो अदलाबदलीचा दोष नसतो. त्या लक्षणाची पिल्ले मोठी होण्याआधीच मरत असतात. खुरट्या पंखांच्या माश्या बाटलीतल्या ओलसर खाद्यात चिकटून मरतात, हा अनुभव नेहमीचा आहे. म्हणून टक्केवारी काढण्याआधी जोड्या शेजारी ठेवून पाहायच्या.

सर्वांत मोठी जोडी म्हणजे अदलाबदल झालीच नाही असे गुणसूत्र. आजी-आजोबांकडून जसे आले तसे ते पुढे गेले. बाकीच्या ७६४ माश्यांत काही ना काही बदल झाला आहे. आता सर्वांत लहान जोडीकडे पाहू. तीन जनुके रांगेत आहेत म्हणजे त्यांच्यामध्ये दोन फटी आहेत. पहिल्या फटीत एकदा तुटून जुळले की एका टोकाचे जनुक बाकी दोघांपासून वेगळे पडते. दुसऱ्या फटीत तसे झाले की दुसऱ्या टोकाचे वेगळे पडते. मधले जनुक एकटे वेगळे पडायचे असेल, तर मात्र एकाच अंड्यात दोन्ही फटींत अदलाबदल व्हावी लागते. दोन घटना एकत्र घडणे एकट्या घटनेपेक्षा विरळ, म्हणून ही जोडी सर्वांत लहान.

आपल्या सर्वांत लहान जोडीत एकटे पडलेले जनुक कोणते? ९ माश्यांत डोळे जांभळे आहेत आणि बाकी सगळे ठीक. १३ माश्यांत नेमके उलटे, डोळे ठीक आणि बाकी सगळे बिघडलेले. दोन्हीकडे डोळ्याचे जनुक आपल्या मूळ सोबत्यांपासून फुटले आहे. म्हणजे जांभळे मध्ये, आणि काळे व खुरटे दोन टोकांना. अजून एकही टक्केवारी काढलेली नाही आणि क्रम सापडलासुद्धा. विद्यार्थी इथे बहुतेक वेळा घाईने भागाकार करत सुटतात आणि संकर लिहिताना ज्या क्रमाने जनुके लिहिली होती तोच क्रम खरा धरून बसतात. कागदावरचा क्रम म्हणजे लिहिणाऱ्याची सोय. त्याचा माशीशी काही संबंध नाही.

या सगळ्याच्या मुळाशी असलेली कल्पना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जन्मली. मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत आल्फ्रेड स्टर्टेव्हंट नावाचा पदवीचा विद्यार्थी काम करत होता. काही जनुके जवळजवळ नेहमी एकत्र जातात, काही सहज फुटतात, असे तोवर दिसले होते. हा फरक अंतरामुळे असेल, तर फुटण्याच्या प्रमाणावरून अंतर मोजता येईल, हे १९११ च्या अखेरीस मॉर्गन यांच्याशी बोलताना त्याच्या डोक्यात आले. घरी जाऊन अभ्यास बाजूला ठेवून त्याने रात्रीचा बराचसा वेळ त्यात घालवला आणि एक्स गुणसूत्रावरच्या जनुकांचा पहिला नकाशा तयार केला. तो १९१३ मध्ये छापून आला. रेल्वेमार्गावरच्या स्थानकांचा नकाशा नसताना फक्त दोन-दोन स्थानकांमधली भाडी माहीत असली, तरी कोणते स्थानक मध्ये आहे हे काढता येते. तसाच हा प्रकार. भाडी साधारण बेरजेने वाढतात म्हणून ते जमते.

मग दोन-दोन जनुकांचे तीन वेगवेगळे संकर करून का भागत नाही? भागते, पण धोक्यासह. फुटण्याचे प्रमाण बाटलीबाटलीत बदलते. हॅरल्ड प्लाऊ यांनी १९१७ मध्ये याच दुसऱ्या गुणसूत्रावर दाखवले की तापमान नेहमीपेक्षा खाली नेले काय किंवा वर नेले काय, काळे आणि जांभळे यांच्यातली अदलाबदल वाढते. आईच्या वयानेही फरक पडतो. एका आठवड्यात थंड खोलीत केलेला संकर आणि पुढच्या महिन्यात उकाड्यात केलेला संकर यांची अंतरे शेजारी मांडली, तर बेरीज चुकण्याची शक्यता भरपूर. तीन जनुके एकाच संकरात घेतली की तिन्ही अंतरे त्याच आयांच्या त्याच अंड्यांतून मिळतात. शिवाय दुहेरी अदलाबदल दोन जनुकांच्या संकरात दिसूच शकत नाही. ती पकडायला मध्ये एक साक्षीदार हवा.

आता अंतरे. काळे आणि जांभळे यांच्यातील फटीत तुटणे-जुळणे झाले अशा माश्या कोणत्या? काळे एकटे पडलेल्या १३१ आणि ११८. पण तेवढ्याच नाहीत. २२ दुहेरी माश्यांतही ही फट एकदा तुटलेलीच आहे, म्हणून त्याही मोजायच्या. बेरीज २७१, एकूण ४,१९७ पैकी, म्हणजे ६.५ टक्के. जांभळे आणि खुरटे यांच्यातील फटीसाठी २४१, २५२ आणि पुन्हा त्याच २२. बेरीज ५१५, म्हणजे १२.३ टक्के. एक टक्का पुनःसंयोजन म्हणजे नकाशावरचे एक एकक. मॉर्गन यांच्या सन्मानार्थ त्याला सेंटिमॉर्गन म्हणतात. काळे ते जांभळे साडेसहा, जांभळे ते खुरटे सव्वाबारा, मिळून टोक ते टोक १८.७.

मात्र टोकांच्या दोन जनुकांकडेच पाहून थेट मोजले, तर वेगळे उत्तर येते. काळे आणि खुरटे एकमेकांपासून फुटलेल्या माश्या ७४२ भरतात, म्हणजे १७.७ टक्के. बेरजेपेक्षा एक टक्का कमी. हा एक टक्का कुठे हरवला? त्याच २२ माश्यांत. त्यांच्यात दोन्ही फटी तुटल्या, पण दोनदा अदलाबदल झाल्यामुळे टोकाची दोन्ही जनुके पुन्हा एकाच गुणसूत्रावर आली. मधल्या जांभळ्या डोळ्याकडे पाहिलेच नाही, तर या माश्या काहीच न घडलेल्या दिसतात. प्रत्येकीत दोन अदलाबदली, म्हणजे ४४ घटना मोजणीतून निसटल्या. ७४२ मध्ये ४४ मिळवले की ७८६ होतात आणि २७१ अधिक ५१५ सुद्धा ७८६ च. हिशेब पैशापैशाला जुळतो.

अंतर जितके मोठे तितक्या अशा लपलेल्या घटना जास्त, म्हणून लांबच्या दोन जनुकांचे थेट मोजलेले अंतर नेहमी खोटे लहान येते. जनुके कितीही दूर असली तरी फुटण्याचे प्रमाण ५० टक्क्यांच्या वर जात नाही. म्हणून नकाशा जवळजवळची जनुके जोडत जोडतच करावा लागतो.

आता त्या ११ माश्यांकडे वळू. पहिली फट तुटण्याची शक्यता ०.०६४६ आणि दुसरीची ०.१२२७. दोन्ही घटना एकमेकांची फिकीर न करता घडत असतील, तर दोन्ही एकाच अंड्यात घडण्याची शक्यता म्हणजे या दोहोंचा गुणाकार, ०.००७९. त्याला ४,१९७ ने गुणले की ३३ माश्या येतात. प्रत्यक्षात २२ मिळाल्या. मिळालेल्याला अपेक्षिताने भागले की ०.६६ येते, याला कोइन्सिडन्स, म्हणजे सहघटनेचा गुणांक म्हणतात. एकातून तो वजा केला की उरतो इंटरफिअरन्स, म्हणजे अटकाव: ०.३४. एका ठिकाणी अदलाबदल झाली की शेजारी दुसरी होण्याला गुणसूत्र अडवते आणि इथे त्या अटकावाने होऊ शकणाऱ्या दुहेरी घटनांपैकी सुमारे एक तृतीयांश गिळल्या. अटकाव पूर्ण असता तर सर्वांत लहान जोडी मिळालीच नसती आणि गुणांक शून्य आला असता. तसे झाले तर गोंधळून जायचे कारण नाही: चारऐवजी तीनच जोड्या दिसतात आणि जी जोडी गैरहजर आहे तीच दुहेरी अदलाबदलीची. ती कागदावर मांडून पाहिली की मधले जनुक तरीही सापडते. हे दोन्ही शब्द हर्मन मुलर यांनी १९१६ मध्ये रूढ केले; तेही मॉर्गन यांच्याच प्रयोगशाळेतले.

०.३४ हा आकडा किती भरवशाचा? फारसा नाही, आणि ते मान्य करूनच तो वापरावा. २२ ही संख्या लहान आहे. तोच प्रयोग पुन्हा केला तर ती सहज १७ किंवा २७ येऊ शकते. नशीब अगदीच वाकडे असेल तर १३ किंवा ३१ सुद्धा. म्हणजे अटकाव ०.०६ पासून ०.६ पर्यंत कुठेही असू शकतो. तो आहे एवढे ठामपणे म्हणता येते, कारण ३३ या कक्षेच्या बाहेर आहे. पण दुसऱ्या दशांश स्थळावर वाद घालण्यात अर्थ नाही. याच प्रयोगात ४०० माश्याच मोजल्या असत्या, तर अपेक्षित ३ आणि मिळालेल्या २ असे काहीतरी आले असते आणि त्यावरून अटकावाबद्दल काहीही बोलता आले नसते. अंतर मोजायला काहीशे माश्या पुरतात, अटकाव मोजायला काही हजार लागतात.

आकडे लहान असण्याचा आणखी एक त्रास आहे आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. मधले जनुक नेमके डोळ्याच्या रंगाचे आहे. जांभळा डोळा कोषातून नुकत्याच निघालेल्या माशीत माणकासारखा लालसर दिसतो आणि वय वाढते तसा गडद होत जातो, त्यामुळे लाल की जांभळा हे सांगताना चूक होऊ शकते. तिन्ही लक्षणे असलेल्या एखाद्या माशीचे डोळे घाईत लाल समजले गेले, तर ती १,७७९ च्या ढिगातून उचलून थेट १३ च्या ढिगात टाकली जाते. मोठ्या ढिगाला एक माशी गेल्याचे कळतही नाही. लहान ढीग मात्र एका फटक्यात फुगतो. मोठ्या जोडीत ३,४३३ माश्या आहेत. त्यांतल्या शंभरात एकीचा डोळा चुकीचा वाचला, तरी ३४ खोट्या दुहेरी माश्या तयार होतात, म्हणजे खऱ्यांपेक्षा जास्त. क्रम तरीही बरोबर निघेल, कारण चूकही मधल्याच जनुकाची आहे. अंतरे किंचित वाढतील. पण अटकाव पार नाहीसा होईल, उलट गुणांक एकाच्या वर जाऊन एक अदलाबदल दुसरीला बोलावते असे दिसू लागेल. असे उत्तर आले की नवा शोध लागला म्हणून हुरळून जाण्यापेक्षा लहान ढिगातल्या माश्या पुन्हा भिंगाखाली घ्याव्यात. जुने जाणकार एवढ्यासाठीच विरळ ढिगातली माशी फेकत नाहीत. तिचा पुन्हा संकर करून तिने खरोखर काय वाहून आणले आहे ते पाहतात.

अटकाव नेमका कसा होतो, याचे उत्तर अजून पूर्ण हाती आलेले नाही, पण सजीवागणिक तो फार वेगळा असतो एवढे स्पष्ट आहे. सी. एलेगन्स या चिमुकल्या सूत्रकृमीत तो जवळजवळ संपूर्ण आहे. दर गुणसूत्र जोडीमागे बहुधा एकच अदलाबदल होते. ॲस्परजिलस या बुरशीत तो जवळपास नाहीच. दोन गुणसूत्रांना लांबीभर जोडून ठेवणारी प्रथिनांची एक शिडी असते. ॲराबिडॉप्सिस या रोपट्यात ती बनू दिली नाही, तर अटकाव नाहीसा होतो असे अलीकडच्या प्रयोगांत दिसले. म्हणजे एका ठिकाणची बातमी दुसरीकडे पोचवायला त्या शिडीचा काहीतरी उपयोग होत असावा.

हा अटकाव नकाशाच्या गणितात बसवायचा कसा? जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९१९ मध्ये अंतर आणि पुनःसंयोजन यांना जोडणारे सूत्र दिले, पण त्यात अटकाव शून्य धरला होता. पुढचे सूत्र पुण्यातून आले. दामोदर धर्मानंद कोसंबी मराठी वाचकाला इतिहासकार म्हणून माहीत आहेत; ते मुळात गणिती होते. गोव्यातल्या कोसबेत जन्मलेले कोसंबी तेव्हा फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते. १९४४ मध्ये त्यांनी एका लहानशा निबंधात असे गृहीत धरले की दोन जनुकांमधले पुनःसंयोजन जितके, त्याच्या दुप्पट कोइन्सिडन्स. जनुके अगदी लगत असतील तर गुणांक शून्याजवळ, म्हणजे अटकाव पुरेपूर. पुनःसंयोजन ५० टक्क्यांवर पोचले की गुणांक एक, म्हणजे अटकाव संपला. यातून निघालेले सूत्र हे:

```
d = 25 ln[(1 + 2r) / (1 − 2r)]
```

इथे r म्हणजे पुनःसंयोजनाचे प्रमाण आणि d म्हणजे सेंटिमॉर्गनमधले अंतर. एवढ्या साध्या गृहीतकावर बेतलेले हे सूत्र अजून रोजच्या वापरात आहे. पिकांच्या जनुकांचे नकाशे करणारे आर्/क्यूटीएलसारखे संगणक कार्यक्रम आजही वापरणाऱ्याला `haldane` की `kosambi` असे विचारतात.

मग कोसंबींच्या गृहीतकाला आपल्या माश्यांवर लावून पाहू. काळे–जांभळे आणि जांभळे–खुरटे ही दोन अंतरे दिलेली असताना टोकांच्या जनुकांचे पुनःसंयोजन त्यांच्या हिशेबाने १८.१५ टक्के, म्हणजे ७६२ माश्या यायला हवे. ७८६ मधून ते वजा केले की २४ घटना लपलेल्या उरतात. दुहेरी माश्या १२. हाल्डेन यांच्या, म्हणजे अटकाव नसलेल्या हिशेबाने ३३. खऱ्या २२ नेमक्या या दोघांच्या मधोमध येऊन बसल्या आहेत. म्हणजे अटकाव आहे खरा, पण एवढ्या जवळच्या जनुकांत कोसंबींना अपेक्षित होता त्याच्या निम्म्याच्या आसपास.

मला वाटते, याचे कारण शोधायला जनुकांच्या जागा पाहाव्या लागतात. फळमाशीच्या दुसऱ्या गुणसूत्राच्या प्रमाण नकाशावर काळे ४८.५ वर आहे, जांभळे ५४.५ वर आणि खुरटे ६७.० वर. म्हणजे अंतरे ६ आणि १२.५, आपल्या ६.५ आणि १२.३ शी छान जुळणारी. याच नकाशावर ५५.० च्या आसपास सेंट्रोमिअर आहे, गुणसूत्राचे दोन्ही बाहू जोडणारी कंबर. जांभळे तिच्या अगदी अलीकडे आहे आणि खुरटे पलीकडे. म्हणजे आपली पहिली फट पूर्णपणे डाव्या बाहूत आहे आणि दुसरी जवळजवळ पूर्णपणे उजव्या बाहूत. फळमाशीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गुणसूत्रांवरच्या जुन्या प्रयोगांत असे आढळले होते की अटकाव एकाच बाहूत जोरकस असतो, पण सेंट्रोमिअर ओलांडून पलीकडे जाताना तो बराच क्षीण होतो. आपल्या २२ माश्यांतल्या दोन अदलाबदली कंबरेच्या दोन बाजूंना झालेल्या आहेत, म्हणून त्यांनी एकमेकींना फारसे अडवले नसावे.

हे तपासायची रीत सोपी आहे. तीच बाटली, तेच तापमान, पण तीन जनुके अशी निवडायची की तिन्ही एकाच बाहूत पडतील आणि फटी साधारण तेवढ्याच, सहा आणि बाराच्या आसपास, राहतील. अपेक्षित दुहेरी माश्या पुन्हा ३३ च्या जवळपास येतील इतक्या माश्या मोजायच्या. मिळालेल्या दुहेरी माश्या या वेळी १२ च्या आसपास किंवा त्याहूनही खाली आल्या, तर पहिल्या प्रयोगातल्या जास्तीच्या दहा माश्यांचे श्रेय कंबरेला द्यायला हरकत नाही. पुन्हा २२ आल्या, तर मात्र जांभळे डोळे मोजणाऱ्याकडेच आधी बघावे लागेल.